पत्रातली खोडलेली ओळ

माझ्या घराची गॅलरी मी स्वतःच्या पायांनी दाबून खराब केली, असं तो ठेकेदार आजही लोकांना सांगतो. मागच्या वर्षी एका लग्नात माझ्या व्याह्यांनाही त्यानं हे ऐकवलं, मी दोन खुर्च्या सोडून बसलेलो असताना. इतकी वर्षं झाली, घराला तीनदा रंग लागला, पण त्याचं तोंड बंद होत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. ज्यात माझी चूक आहे तीही लिहितो. ती गॅलरीवर उभं राहण्यात नव्हती, पत्रात होती, आणि ती त्याला अजून माहीत नाही.

औरंगपुऱ्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात त्याच गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर झाली. गिऱ्हाईक काय भाव सांगणार हे त्याच्या चालण्यावरून ओळखायला मी तिथं शिकलो. माझा स्वभाव तापट आहे, पण भाव करताना मी कधी तापत नाही. शहराला सगळे औरंगाबादच म्हणत तेव्हाची ही गोष्ट. जालना रोडच्या पलीकडं, शेंद्र्याच्या बाजूला मी एक प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. ठेकेदार शेंद्र्याकडचाच, शेतीवाल्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्याशी मी चार बैठका भाव केला. चौथ्या बैठकीत तो उठून गेला, मी त्याला जिन्यातून परत आणला आणि वर आणखी थोडं कमी करून घेतलं. मला त्याचा अभिमान होता. स्टँप पेपरवर करार झाला. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे: जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, मग विटकाम, गिलावा, आणि उरलेलं शेवटी.

जोत्याचा हप्ता मी दिला, बुडवला नाही. हेही लिहून ठेवतो, कारण मी पैसे बुडवतो असंही तो सांगतो.

स्लॅबच्या दिवशी आपल्याकडं मालकानं वर जाऊन नारळ फोडायचा आणि मजुरांना गोड जेवण द्यायचं असतं. मी जिलेबी सांगितली होती. सासुरवाडीची माणसं आली होती. काँक्रीटची पहिली पाटी पडायच्या आधी आम्ही सात-आठ जण वर चढलो. पुढच्या गॅलरीत उभं राहिलं की शेंद्र्याकडची शेतं दिसत होती, म्हणून सगळे तिथंच गेले. पायाखाली सळयांची जाळी होती, ती लवत होती. ठेकेदार खालून म्हणाला, "शेठ, गॅलरीत गर्दी करू नका." मी म्हणालो, माझं घर आहे. नारळ फोडला, फोटो काढला आणि खाली उतरलो.

एवढंच मी केलं. आता दुसरी बाजू ऐका. भिंतीतून बाहेर लोंबणाऱ्या गॅलरीत मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण गॅलरीचा सगळा ओढा वरच्या बाजूला असतो. सळई वर राहावी म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईचे तुकडे ठेवतात. त्यांना खुर्च्या म्हणतात. खुर्च्या जागेवर असत्या, तर सात जण काय, वीस मजूर पाट्या घेऊन चालले असते तरी जाळी बसली नसती. त्यानं खुर्च्या टाकल्याच नव्हत्या. दर कमी करून घेतला म्हणून टाकल्या नाहीत की विसरला, हे त्याचं त्याला माहीत.

तिसऱ्या दिवशी बाजूच्या फळ्या काढल्या. गॅलरीची कड मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसत होती. गिट्टी उघडी, मधे पोकळ्या, आणि अगदी तळाशी सळयांची टोकं बाहेर. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण भांडं हातात घेतलं की त्याचा पत्रा पातळ आहे हे कळतं, तसं काहीतरी पोटात कळलं. घराचा नकाशा काढून देणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना मी घेऊन आलो. त्यांचं ऑफिस क्रांती चौकाजवळ होतं. त्यांचे वडील निजामाच्या वेळी कचेरीत कारकून होते आणि साहेब स्वतः प्रत्येक शब्द मोजून बोलत. त्यांनी गॅलरीच्या वरच्या बाजूला, भिंतीलगत, छिन्नीनं एक भोक पाडायला लावलं. सळई बोटाच्या एका पेरावर लागायला हवी होती. एक पेर झालं, दोन झाली. छिन्नी पाच इंची स्लॅबच्या पार खालच्या अंगाला पोचली तेव्हा कुठं लोखंडाचा आवाज आला.

साहेब उठून उभे राहिले, आणि त्यांनी मला हाताला धरून गॅलरीवरून आत घेतलं.

"आत्ता पडणार नाही," ते म्हणाले. "खाली टेकू आहेत तोवर नाही."

"आणि टेकू काढल्यावर?"

"अशी गॅलरी आधी कुरकुरत नाही. एकदम खाली येते. त्याच दिवशी येईल नाहीतर दोन वर्षांनी, कोणी वर उभं असताना."

मी खाली पाहिलं. गॅलरीखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू होते, सहा-सहाच्या दोन ओळींत. त्यांच्या मधे वॉचमनचा संसार होता. साइटवरचा वॉचमन ठेकेदाराचा माणूस असतो आणि अर्धवट घरातच राहतो. उन्हाळा होता आणि प्लॉटवर सावली तेवढीच होती. तीन विटांची चूल, दोन पत्रे उभे करून केलेला आडोसा, आणि दोन बल्ल्यांना साडी बांधून केलेली झोळी. झोळीत पाच-सहा महिन्यांची मुलगी. बाई एका हातानं भाकरी थापत होती आणि मधूनमधून पायानं झोळीची दोरी ओढत होती. दोरी ओढली की बल्ली किंचित हलायची.



पत्र लिहायला मी साहेबांच्या ऑफिसात बसलो. त्यांनी समजावलं की नुसतं काम वाईट आहे आणि पैसे देत नाही असं लिहून भागत नाही. कुठला हप्ता, कुठला दोष, दुरुस्ती कशी, किती दिवसांत, ती कोण तपासणार आणि पैसे केव्हा मोकळे होणार, हे सगळं यायला हवं. "तुम्ही हप्ता बुडवत नाही, थांबवताय," ते म्हणाले. "हा फरक कागदावर दिसला पाहिजे." त्यांनी तपासणीचा अहवाल जोडायला दिला आणि मसुदा सांगत गेले. मी लिहीत गेलो. स्लॅबचा हप्ता कराराप्रमाणे देय आहे हे मला मान्य आहे. परंतु पुढील गॅलरीतील मुख्य सळई खालच्या बाजूस बसली असून कडेचे काँक्रीट पोकळ आहे. गॅलरी फोडून, आतील स्लॅबमध्ये वरून चर पाडून नवीन सळया पुरेशा आतपर्यंत घ्याव्यात व इंजिनिअरच्या देखरेखीखाली काँक्रीट पुन्हा भरावे. हे पत्र मिळाल्यापासून एकवीस दिवसांत दुरुस्ती व्हावी. इंजिनिअरने तपासून लेखी दिल्यावर थांबवलेली पूर्ण रक्कम सात दिवसांत, काहीही कापून न घेता, देण्यात येईल.

शेवटची ओळ अशी होती: दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत गॅलरीखालील टेकू कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत.

ही ओळ मी खोडली.

साहेब फोनवर बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. खोडण्यामागं माझा हिशेब होता. टेकू आणि त्यांच्यावर स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटा ठेकेदाराच्या नसतात. तो त्या स्लॅबचे साचे लावणाऱ्या सेंट्रिंगवाल्याकडून भाड्यानं आणतो आणि भाडं दिवसावर चढतं. टेकू ठेव असं मी लिहून दिलं, तर जास्तीच्या दिवसांचं भाडं तो माझ्या नावावर टाकणार. चूक त्याची, भाडं मी का द्यावं? आणि कोणता शहाणा माणूस असल्या गॅलरीचे टेकू काढेल? अहवाल तर सोबत आहेच. असं म्हणून मी रेघ ओढली, पत्र नव्यानं स्वच्छ लिहिलं, त्याच्या दोन प्रती केल्या. एक पोचपावतीच्या टपालानं पाठवली, दुसरी साइटवर त्याच्या हातात द्यायला ठेवली. मसुदा घडी करून खिशात घातला.

दोन दिवसांनी ठेकेदार दुकानात आला. गिऱ्हाइकं होती तरी थांबला नाही. हातातली प्रत त्यानं काउंटरवर टाकली.

"चार बैठका कमी पडल्या व्हय, शेठ? आता ही पाचवी काढली."

मी म्हणालो, भाव नाही करत, गॅलरी पडेल. तो हसला. जोत्याच्या वेळी आधी विटा कच्च्या आहेत म्हणून, मग वाळू खराब आहे म्हणून मी असाच हप्ता अडवून पाहिला होता, आणि थोडं कमी करून घेऊन मगच पैसे दिले होते. ते त्यानं सगळ्यांसमोर काढलं. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून मी तापलो. तो म्हणाला, सळया बसल्या असतील तर तुम्ही आणि तुमचे पाहुणे नाचलात म्हणून बसल्या. मी म्हणालो, खुर्च्या दाखव. मग आम्ही दोघं जे बोललो ते भांड्यांच्या दुकानात बोलायचं नसतं. प्रतीवर पोच म्हणून सही न करता तो गेला. जाताना म्हणाला, "पैसा नाय तर माल पण नाय. सेंट्रिंगवाला माझ्या दारात बसतोय रोज."

तो दुकानाच्या पायऱ्या उतरला आणि माझा राग एका क्षणात गेला. माल पण नाय. म्हणजे टेकू.

त्याच संध्याकाळी मी स्कूटरवरून प्लॉटवर गेलो आणि बल्ल्या मोजल्या. बारा. सकाळी पुन्हा गेलो. बारा. वॉचमनला सांगितलं की बिऱ्हाड मागच्या बाजूला हलव. तो म्हणाला, ठेकेदार सांगतील तेव्हा. शेठ आपल्याला हाकलायला बघतोय अशी त्याची समजूत झाली होती, आणि ती कुणी करून दिली होती हे मला ठाऊक होतं. मग मी त्याच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मागं ऊन लई तापतं. पोरीला घेऊन कुठं जाऊ?" मी बोट करून वर दाखवलं, पडेल म्हणालो. तिनं वर पाहिलं. वर प्लेटा होत्या आणि खाली जाड जाड बल्ल्या. तिला त्यात पडण्यासारखं काय दिसणार? मी तिला माझ्या दुकानाचं कार्ड दिलं आणि सांगितलं, कोणी या बल्ल्यांना हात लावायला आलं तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून मला फोन कर आणि बल्ली काढू देऊ नको. एवढ्या मोठ्या माणसांना ती कशी अडवणार, हा विचार मी केला नाही. फोनचे पैसे मात्र दिले.

ओळ पत्रात घालून दुसरं पत्र पाठवता आलं असतं. रोज वाटायचं. मग वाटायचं, आता लिहिलं की तो ओळखेल, मी घाबरलोय. भाडं तर घेईलच, वर हप्ताही सोडवून घेईल. आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा मी पाच दिवस हाच हिशेब करत होतो आणि सकाळ-संध्याकाळ बल्ल्या मोजत होतो. घरी बायको विचारायची काय झालं. मी म्हणायचो, उन्हाळा.

स्लॅब पडून तेरावा दिवस. दुपारी दुकानात फोन आला. किराणावाल्यानं नंबर लावून तिच्या हातात दिला होता.

"टेंपो आलाय," ती म्हणाली. "आतलं समदं काढलं. आता हितलं काढाया लागलेत."

"पोरगी कुठं आहे?"

"झोळीत हाय. निजलीय."

पुढं काही बोलायच्या आत ती फोन ठेवून पळाली असावी. मी स्कूटर काढली. औरंगपुऱ्यातून क्रांती चौकात पोचायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता. चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा हिरवा दिवा लागलेला मला कळलाच नाही. बाजूच्या रिक्षावाल्यानं विचारलं, चाचा, तबियत ठीक है? जालना रोडला लागल्यावर मला सारखा एक आवाज ऐकू येत होता, जो अजून झाला नव्हता. आणि डोळ्यांपुढं गॅलरी नव्हती, झोळीही नव्हती. त्या कागदावर मी ओढलेली रेघ होती. पट्टी न लावता ओढलेली, जरा वाकडी.

वळणावरून आधी टेंपो दिसला, प्लेटांनी अर्धा भरलेला. मग गॅलरी दिसली, जागेवर. उजव्या कोपऱ्यातली एक बल्ली खाली आडवी पडली होती. दुसऱ्या बल्लीची पाचर सैल करून एक मजूर हातोडा घेऊन उभा होता. सेंट्रिंगवाला कमरेवर हात ठेवून वाट बघत होता. आणि मधल्या दोन बल्ल्यांच्या मधे ती बाई झोळीला पाठ लावून बसली होती.

नंतर कळलं ते असं. वॉचमन बाजारात गेला होता. फोन करून ती धावत आली तेव्हा कोपऱ्यातली एक बल्ली निघाली होती. पुढच्या बल्ल्यांना झोळी बांधलेली, म्हणून सेंट्रिंगवाल्यानं तिला सांगितलं, झोळी सोड. ती म्हणाली, पोर आत्ता निजलीय, उठली की काढा. तो दोनदा ओरडला. ती हलली नाही. बाईमाणसाच्या अंगाला हात लावून लेकरू कोण उठवणार? त्यानं मजुरांना बिडी ओढायला सांगितलं. ते पोर उठायची वाट बघत होते.

मी स्कूटर टाकली आणि धावत जाऊन हातोडेवाल्याचं मनगट धरलं.  

सेंट्रिंगवाला म्हणाला, "सेठ, हाथ छोडो उसका. माल मेरा है. तुम ठेकेदार को नै देते, वो मेरे को नै देता, फिर मैं क्या करूं?"

मी म्हणालो, गॅलरी पडेल, पत्रात लिहिलंय.

"चिठ्ठी मैं पढ्या," तो म्हणाला. "ठेकेदार ने दिखाया. उसमें पैसा रोकने की बात है. टेकू की एक बात नै. पडने वाली रहती तो तुम लिखते नै क्या? तुम तो सब लिखने वाले आदमी."

 मसुदा खिशातच होता. मी तो काढला नाही.

मी म्हणालो, वर चल. त्याला हाताला धरून जिन्यानं वर नेलं. गॅलरीवर पाय न ठेवता, उंबऱ्याच्या जागेवर आडवं होऊन, साहेबांनी पाडलेलं भोक दाखवलं. तो माझ्याशेजारी पालथा झाला, भोकात बोट घातलं. बोट आत जात राहिलं. वीस वर्षं प्लेटा लावणारा माणूस, त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरला.

"सळई नीचे है," तो हळू म्हणाला. मग उठला आणि जिन्यात येऊन खाली हाक मारली, "बल्ली वापस लगा रे. पाचर ठोक. पहले बाई को बाजू कर."

आता मात्र बाई उठली. माझं ऐकून नाही, त्याच्या आवाजाला भिऊन. तिनं मुलीला उचललं. मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. तो रडण्याचा आवाज ऐकत मी खाली आलो आणि वाळूच्या ढिगावर बसलो.

बल्ली पुन्हा लागली. पाचर ठोकताना प्रत्येक घावाला मी डोळे मिटत होतो. मग मी सेंट्रिंगवाल्याला विचारलं, दुरुस्ती होईपर्यंत गॅलरीखालच्या मालाचं भाडं किती? त्यानं सांगितलं. मी हो म्हणालो. तो माझ्याकडं बघत राहिला. माझी ख्याती त्याच्यापर्यंत पोचलेली असणार. त्यानं पुन्हा तोच आकडा सांगितला, मला ऐकू आलं नसेल असं वाटून. मी पुन्हा हो म्हणालो.

त्यानंच ठेकेदाराला बोलावून आणलं. ठेकेदार तावातावानं आला, पण सेंट्रिंगवाल्यानं त्याला बाजूला नेऊन काही सांगितलं. मग तो एकटा वर गेला. बऱ्याच वेळानं खाली आला तेव्हा त्याच्या बोटाला काँक्रीटची पूड होती. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला वाटलं तुम्ही भाव करताय."

"तसं वाटण्यात तुझी काही चूक नाही," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "खुर्च्या कुठं होत्या?"

त्यानं बोटावरची पूड पँटला पुसली. साइटच्या हजेरीवहीतलं एक पान फाडून मी तिथंच दुसरं पत्र लिहिलं. पहिलं पत्र कायम. त्यात इतकी भर की दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत टेकू काढू नयेत, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं मालक देईल. त्यानं सही केली. पहिल्या पत्राच्या प्रतीवरही केली. वॉचमनचं बिऱ्हाड त्याच संध्याकाळी मागच्या बाजूला हललं. दुसऱ्या दिवशी मी तिथं चार बांबू आणि ताडपत्री पाठवली.

साहेब पाहायला आले तेव्हा उजव्या कोपऱ्यात, भिंतीच्या रेषेत, त्यांना केसासारखी एक चीर सापडली. आधी नव्हती, असं ते म्हणाले. एक बल्ली निघाली होती तेवढ्या वेळातली. त्यांनी विचारलं, टेकूची ओळ पत्रात होती ना? मी म्हणालो, होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खुणा केल्या.

गॅलरी फोडली. या वेळी खुर्च्या पडल्या, मी स्वतः मोजल्या, आणि काँक्रीट भरताना कोणालाही वर येऊ दिलं नाही, नारळही खालीच फोडला. ठरलेले दिवस भरल्यावर टेकू निघाले तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडं उभा होतो. साहेबांचा कागद हातात पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी थांबवलेला हप्ता पूर्ण दिला, काही न कापता. भाडंही दिलं. ठेकेदारानं नोटा दोनदा मोजल्या, मग मला विचारलं, बरं नाही का? घर त्यानंच पूर्ण केलं, आणि चांगलं केलं, हेही खरं आहे. पण खुर्च्यांचं नाव त्यानं आजवर घेतलं नाही. माझे पाय तेवढे त्याच्या लक्षात आहेत.

त्या लग्नात त्यानं ते सांगितलं तेव्हा व्याही हसले आणि मी उठलो. त्याला सगळ्यांसमोर सुनवायचं मनात होतं. मग आठवलं की पत्रात टेकूचं का नव्हतं, असं त्यानं मला एकदाही विचारलेलं नाही. विचारलं तर सांगावं लागेल. मी पुन्हा बसलो आणि त्याला म्हणालो, होय, आम्ही नाचलो.

मसुदा माझ्याकडं आहे, घराच्या कागदांसोबत. खोडलेली ओळ अजून वाचता येते. संध्याकाळी नातवंडं गॅलरीत खेळतात, तेव्हा मी आत बसतो आणि त्यांचे आवाज ऐकत राहतो. एखादं मिनिट आवाज थांबला की उठून बघतो.